माणूस लहान केला, तरी झाड मोठं का होत नाही?

प्रश्न: "३००० बाय ४००० पिक्सेलच्या उभ्या कॅनव्हासवर साठेक मीटर उंचीचं काल्पनिक वडाचं झाड काढतोय. झाडाचं खोड खालून ४०० पिक्सेलवर सुरू होतं, शेंडा ३६०० वर. क्षितिज मधोमध. पानांसाठी ४० पिक्सेलचा ब्रश वापरलाय. पायथ्याशी उभा माणूस आधी ३०० पिक्सेलचा होता, मग १५०, आता ९०. जितका लहान करतोय तितका तो बाहुल्यासारखा दिसतोय आणि झाड बोन्सायसारखं. अजून किती लहान करू?"

आता अजिबात लहान करू नका. झाड ३२०० पिक्सेलमध्ये साठ मीटर म्हणजे मीटरला साधारण ५३ पिक्सेल. साडेपाच फुटी माणूस त्या हिशेबाने ९० पिक्सेलचाच होतो, म्हणजे तुम्ही चाचपडत का होईना, बरोबर आकड्यावर येऊन पोचलात. घोळ माणसात नाही, क्षितिजात आहे. तिथे हात लावल्याशिवाय माणूस मुंगीएवढा केलात तरी झाड तसूभरही वाढणार नाही.

कधी समुद्रावर गेलात तर सपाट पुळणीवर उभं राहून लांबच्या माणसांकडे बघा. दहा पावलांवरचा भेळवाला असो की पार टोकाला फिरणारं जोडपं, तुमच्याच उंचीच्या सगळ्यांचे डोळे समुद्राच्या क्षितिजरेषेला टेकलेले दिसतात. जवळचा मोठा, लांबचा छोटा, पण रेषा सगळ्यांना एकाच जागी छेदते. आता वाळूत बसा. तीच रेषा त्यांच्या कमरेच्या आसपास येते. मग मागच्या लॉजच्या तिसऱ्या मजल्यावरून बघा, सगळी माणसं रेषेच्या खाली गेलेली असतात. क्षितिज ही बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची आहे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूला ते जिथे छेदतं, तिथपर्यंतची उंची म्हणजे तुमच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची. ही चित्रात दडवलेली मोजपट्टी आहे. चित्र बघणाऱ्याला ती ठाऊक नसते, पण त्याची नजर जन्मभर ती वापरत आलेली असते.

आता ती पट्टी तुमच्या चित्राला लावू. तुमचं क्षितिज झाडाला बरोबर मध्यावर छेदतं, पायथ्यापासून १६०० पिक्सेल वर. चित्रात दुसरं काही सांगितलेलं नसेल तर बघणारा स्वतःला जमिनीवर उभा समजतो, म्हणजे डोळा दीड मीटरवर. मग १६०० पिक्सेल म्हणजे दीड मीटर आणि अख्खं झाड तीन मीटर! आणि तुमचा ९० पिक्सेलचा माणूस? जेमतेम आठ सेंटिमीटर. तुम्हाला तो बाहुला वाटला आणि झाड बोन्साय वाटलं, यात तुमच्या नजरेची चूक नाही. तुम्ही खरोखरच कुंडीतलं झाड आणि त्याखाली ठेवलेला बाहुला काढला आहे. माणूस १५० चा असताना तो चौदा सेंटिमीटरचा बाहुला होता, एवढाच फरक.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं होतं. गावाच्या वेशीवर उभा राक्षस, पायाशी शेतकरी. राक्षसाच्या कमरेमागे मस्त लांबवर पसरलेली शेतं आणि कमरेच्या रेषेत क्षितिज. चार दिवस राबून चित्र दिलं. प्रकाशकांकडच्या एका छोट्या मुलीने ते बघून विचारलं, "ह्याला चावी कुठून देतात?" सगळे हसले, मीसुद्धा. रात्री घरी पट्टी लावून बसले तेव्हा कळलं, माझा राक्षस फार तर तीन मीटरचा होता. क्षितिज त्याच्या घोट्याशी आणलं आणि बाकी काही न बदलता तो उभा राहिला.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कुठली घ्यायची ते तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर ठरेल.

पहिली वाट: बघणारा जमिनीवरच राहू दे. डोळा दीड मीटरवर, म्हणजे पायथ्यापासून ८० पिक्सेल वर. क्षितिज कॅनव्हासच्या तळापासून ४८० पिक्सेलवर आणा. ते माणसाच्या डोळ्यांतून जाईल आणि झाडाला अगदी बुंध्याशी कापेल. फरक पाच मिनिटांत दिसेल, रंग लावायच्याही आधी. मात्र याची किंमत आहे. झाडामागची सगळी सपाट जमीन आता ८० पिक्सेलच्या पट्टीत दाबली जाते. तुम्ही मागे नदीचं वळण, शेतं वगैरे काढली असतील तर ती गेली. नदी असलीच तर चकाकती रेघ, बस. मागे दाखवायचं ते उभं असलेलं दाखवा: डोंगर, दुसरी झाडं.

दुसरी वाट: क्षितिज मधोमधच ठेवा, पण मग कबूल करा की बघणारा तीस मीटर उंचीवर आहे. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून बघावं तसं. हे चित्रात दिसायला हवं. खालच्या कोपऱ्यात तटबंदीचा कठडा, कड्याची धार, दुसऱ्या झाडाची आडवी फांदी, काहीतरी असं जे सांगेल की आपण वर आहोत. माणूस किंचित वरून दिसेल, त्याची सावली जमिनीवर मोकळी पसरलेली दिसेल. त्याच्या हातात छत्री दिलीत तर फरक चटकन कळतो. पहिल्या वाटेत ती लांबून कडेने दिसते, जवळजवळ एक बाकदार रेघ. दुसऱ्या वाटेत तिचा वरचा काळा गोल चपटा होऊन दिसतो. तुम्ही बहुतेक माणूस समोरून काढला असेल आणि जमीन वरून. चित्रात दोन बघणारे झाले की प्रमाण कोसळतंच.

माझं मत विचाराल तर एकट्या झाडासाठी पहिली वाट. दुसरी अवशेषांना जास्त शोभते, कारण तिथे जमिनीवरचा पसारा, चौथरे, पडलेले खांब दाखवायचे असतात.

आता माणूस कुठे उभा करायचा. पायथ्याशी म्हणजे अगदी बुंध्याला लागून, हात टेकेल इतका. रचना छान दिसावी म्हणून लोक त्याला थोडा पुढे, चित्राच्या तळाकडे ओढतात आणि आकार तोच ठेवतात. पहिल्या वाटेचं गणित करून बघा. तुम्ही झाडापासून शंभर मीटरवर उभे आहात असं धरू. चित्राच्या अगदी खालच्या कडेची जमीन क्षितिजाच्या ४८० पिक्सेल खाली आहे, म्हणजे ती तुमच्यापासून सतराएक मीटरवर येते. तिथे उभा असलेला माणूस ५४० पिक्सेलचा हवा. ९० चाच ठेवलात तर तो वीतभरापेक्षा जरा उंच बुटका होतो. आणि ५४० चा केलात तर चूक नाही, पण मग तो झाडाचं माप राहत नाही. त्याच्या आणि झाडाच्या मध्ये ऐंशीहून जास्त मीटर जमीन आहे आणि ती किती आहे हे बघणाऱ्याला मोजता येत नाही.

ही स्पर्शाची गोष्ट फार जुनी आहे. माक्सीम द्यु कां हा फ्रेंच माणूस १८४९ ते १८५१ मध्ये कॅमेरा घेऊन इजिप्तमध्ये हिंडला. देवळांच्या अवशेषांवर तो मोजपट्टी म्हणून आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला उभा करायचा. अबू सिंबेलला राजाचे ते वीसेक मीटर उंचीचे बसलेले पुतळे तेव्हा वाळूत खोल गाडलेले होते. तिथे त्याने इस्माईलला चक्क एका पुतळ्याच्या डोक्यावर, मुकुटावर चढवलं. फोटोत खाली तो शांत दगडी चेहरा आणि वर मुकुटावर माणसाचा एक छोटासा ठिपका. माणूस दगडाला टेकलेला असल्यामुळे पुढे की मागे हा प्रश्नच उरत नाही. त्या काळी फोटोला बराच वेळ लागे आणि माणूस हलला की धूसर व्हायचा. द्यु कांने पुढे लिहून ठेवलंय की त्याने इस्माईलला सांगितलं होतं, कॅमेऱ्याची ती पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर गोळ्या सुटतील. बिचारा पुतळ्यापेक्षा ताठ बसत असणार.

तेव्हा माणूस बुंध्याला टेकलेला, मुळावर बसलेला, ढोलीतून बाहेर येणारा किंवा पारंब्यांच्या आत शिरणारा दाखवा. पारंबी त्याच्या समोरून आणि खोड मागून गेलं की खोली आपोआप पक्की होते.

यानंतर पानं. क्षितिजाखालोखाल तुमचं नुकसान तिथे झालंय. वडाचं पान लांबीला साधारण पंधरा सेंटिमीटर धरा. तुमच्या प्रमाणात ते आठ पिक्सेल झालं. तुमच्या ब्रशचं पान ४० पिक्सेलचं आहे, म्हणजे पाऊण मीटरचं. माणसाच्या कमरेएवढं पान! बोन्साय ओळखू येतं तेही याच कारणाने. त्याचं खोड, फांद्यांचा डौल, पारंब्या सगळं मोठ्या झाडासारखं असतं, पण पान मात्र खोडाच्या मानाने मोठं राहतं, ते काही हवं तितकं आखडत नाही. नजर पान धरून झाड मोजते.

म्हणून आठ पिक्सेलची पानं काढत बसा असं मी म्हणत नाही. शंभर मीटरवरून एकेक पान तसंही सुटं दिसत नाही, पर्णभाराचे पुंजके दिसतात. पुंजक्यांचा प्रकाश आणि सावली आधी बांधा. मग फक्त कडांवर, जिथे आकाश मागे आहे तिथे, आठ-दहा पिक्सेलच्या ठिपक्यांनी कड फोडा. बाकी पोट मोकळं ठेवा. सालीचंही तसंच. बुंध्यावर माणसाच्या आसपास बारीक भेगा, शेवाळ, एखादा दोरा गुंडाळलेला दाखवा. वर जाताना तो तपशील सोडत जा.

खोडाच्या जाडीबद्दल एक शब्द. खरा वड इतका उंच होतच नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध महावृक्ष उंचीला २५ मीटरच्या आत आहे. त्याचं मोठेपण पसाऱ्यात आहे, आणि मुख्य खोड १९२५ मध्ये कापून काढल्यावरही तो पारंब्यांवर उभा आहे. साठ मीटर उंच जायचं तर अंगकाठी दुसरीकडून उसनी घ्यावी लागेल. कॅलिफोर्नियातला जनरल शेर्मन हा सिक्वोया जवळपास ८४ मीटर उंच आहे आणि बुडाशी खोड अकरा मीटरच्या आसपास रुंद. तुमचं खोड बुडाशी आठ मीटर धरलंत तरी सव्वाचारशे पिक्सेल होतं, जवळजवळ पाच माणसं आडवी झोपवली तर जेवढं होईल तेवढं. खोड बारीक आणि उंची जास्त असेल तर झाड मोठं न दिसता शेलाटं दिसतं.

माणूस आणि झाड यांच्यामध्ये पायऱ्या लागतात, ही गोष्ट मला वेरूळला कळली. कैलास लेण्याच्या प्रांगणात मी अनेकदा वही घेऊन बसले आहे. पहिल्यांदा शिखर आणि खाली पर्यटक, एवढंच काढलं. चित्र बरोबर होतं, पण उंची अंगावर येत नव्हती. दीड मीटरवरून एकदम तीसेक मीटरवर उडी मारायला नजर तयार होत नाही, ती तो आकडा नुसता मान्य करते. दुसऱ्या दिवशी बाजूला सरकून बसले. आता माणसाशेजारी प्रांगणातला दगडी हत्ती आला, खऱ्या हत्तीएवढा. हत्तीमागे ध्वजस्तंभ, हत्तीच्या चार-पाच पट. त्यामागे शिखर, स्तंभाच्या दुप्पट. नजर एकेक पायरी चढत वर गेली आणि वर पोचेपर्यंत मान दुखायला लागली, कागदावरसुद्धा.

तुमच्या झाडात या पायऱ्या वडाने फुकट दिल्या आहेत. पारंब्या. काही दोऱ्याएवढ्या, एक-दोन पिक्सेल. काही मनगटाएवढ्या. काही जमिनीत रुजून खांब झालेल्या, माणसाइतक्या रुंद. मग तीन माणसं कवेत घेतील असं दुय्यम खोड आणि शेवटी मुख्य बुंधा. सगळ्या एकाच जाडीच्या काढल्या असतील तर अर्ध्या पुसा. हव्या असल्यास बुंध्याशी एक चौथरा आणि चार दगडी पायऱ्याही द्या, पण जपून. पायरीची उंची सगळ्यांना पायाने माहीत असते. अठराव्या शतकात इटालियन चित्रकार पिरानेसीने रोमच्या अवशेषांची कोरीव चित्रं केली, त्यात त्याने माणसं मुद्दाम लहान ठेवून भिंती अवाढव्य भासवल्या आणि ते त्याला पचलं. आपल्याला ते दर वेळी पचेलच असं नाही. माणूस निम्मा केलात तर पायरी त्याच्या गुडघ्याला लागते आणि बिंग फुटतं.

धुकं. भव्यता दाखवायची म्हणजे धुकं ओता, असं सगळे सांगतात. मी कमी वापरते. शंभर मीटरवर स्वच्छ हवेत रंग फारसा फिका पडत नाही. आणि झाडाचा शेंडाच तेवढा फिका करणं हे तर सरळ खोटं आहे, कारण शेंडा तुमच्यापासून बुंध्यापेक्षा फार लांब नसतोच: बुंधा शंभर मीटर, तर शेंडा एकशे सोळा-सतरा. पावसाळ्यात आंबोलीला ढगच झाडात उतरतात, तसं दाखवायचं असेल तर दाखवा, पण मग तो ढग आहे हे दिसू दे, त्याला कड असू दे, आणि मागची झाडं त्याहून जास्त विरघळू देत. हवा वापरायची ती झाडाच्या मागे, म्हणजे झाड पुढे येईल.

राहिला तो माणूस. ९० पिक्सेलमध्ये डोकं बारा पिक्सेलचं. चेहरा, बटणं, घड्या विसरा. त्याची आकृती ओळखू यायला हवी आणि तो मोठा माणूस आहे हे कळायला हवं. मूल आहे की बाई की वामन, असा संशय आला की माप गेलं. म्हणून चालता काढा, दोन पायांमध्ये उजेडाची फट ठेवा. हात अंगापासून सुटा. टोपी आणि काठी, डोक्यावर भारा, किंवा सायकल. सायकल मला सगळ्यात आवडते, तिचं माप सगळ्यांच्या हाताला माहीत आहे. त्याच्या मागे बुंध्याचा उजळ तुकडा ठेवून त्याला गडद करा, नाहीतर उलट. पण लाल शर्ट नको. तो चित्रभर ओरडतो आणि लोक आधी त्याला बघतात, झाडाला नंतर. आधी झाड दिसावं आणि मग एका क्षणाने "अरे, तिथे माणूस आहे" असं व्हावं.

किती लहान चालेल याला खालची मर्यादा आहे आणि ती चित्र कुठे बघितलं जाणार त्यावर ठरते. फोनवर तुमचं उभं चित्र नऊ सेंटिमीटर उंच दिसलं तर ९० पिक्सेलचा माणूस दोन मिलिमीटरचा होतो. चालतो. दीड मिलिमीटरच्या खाली तो डाग होतो. भिंतीवर मोठं छापणार असाल तर अजून लहान परवडेल. झाड साठऐवजी शंभर मीटरचं हवं असेल आणि चित्र फोनवरच जाणार असेल तर माणूस लहान करण्याऐवजी शेंडा कॅनव्हासबाहेर जाऊ द्या. वरची कड फांद्यांनी कापली गेली की उरलेलं झाड बघणारा स्वतःच वाढवतो.

पुढेमागे झाडाऐवजी प्राणी काढलात तर हेच सगळं लागू, फक्त पानाच्या जागी डोळा येतो. हत्तीचा डोळा त्याच्या डोक्याच्या मानाने किती बारीक असतो ते आठवा. तीस मीटरच्या श्वापदाला मांजराच्या प्रमाणात डोळे दिलेत तर ते मांजरच राहील, क्षितिज त्याच्या नखांशी नेलंत तरी.

आत्ता मात्र सगळे लेअर बंद करा. कोऱ्या लेअरवर ४८० वर एक आडवी रेघ ओढा, बुंध्याचा नुसता बाह्याकार काढा, आणि रेघेवर डोळे टेकतील असा ९० चा माणूस त्याला खेटून उभा करा. तळाशी डाव्या कोपऱ्यात, डोळे त्याच रेघेवर ठेवून, ५४० चा दुसरा एक माणूस फक्त तपासणीपुरता ठेवा. दोघं एकाच उंचीचे वाटले की त्याला पुसून टाका आणि मग पारंब्यांना लागा.